मदत हवी आहे: तीन भोकांच्या सिंकला पुल-डाऊन नळ, ४५ सेंमी घेऊ की ३९?

घाईत_आहे
स्वयंपाकघराचं काम संपत आलंय, फक्त नळ राहिलाय. सिंक स्टीलचं, मागच्या काठाला तीन भोकं आहेत. नळ पुल-डाऊनच हवा आहे, म्हणजे तोंड खाली ओढून फवारा मारता येईल असा. दोन पसंत केलेत, एक ४५ सेंमी उंच, दुसरा ३९. दोन्ही एकाच भोकात बसणारे. उद्या सांगायचंय. कुठला घेऊ? कृपया लवकर सांगा.

निवांत_बुवा
उंच तोच घ्या, डोळे मिटून. मोठं पातेलं खाली आरामात मावतं. आमच्याकडे बुटका नळ होता, घागर तिरकी धरून भरावी लागायची.

सुमी
तीन भोकं आहेत म्हणजे सिंक दोन चाव्यांच्या नळासाठी आहे. एका भोकाचा नळ त्यात बसणारच नाही. सिंक तरी बदला, नाहीतर नळ तरी.

पाना_पक्कड
सुमीताई, बसतो. तीन भोकांचं सिंक बऱ्याचदा दोन चाव्यांच्या नळासाठी केलेलं असतं, ते बरोबर. पण एका भोकाचा नळ मधल्या भोकात घालून खाली लांब पट्टी टाकली की बाजूची दोन्ही झाकली जातात. उलटं मात्र जमत नाही, एका भोकाच्या सिंकवर तीन भोकांचा नळ बसवायचा तर सिंक कापावं लागतं.

धागाकर्ते, भोकांच्या मधल्या बिंदूंमधलं अंतर मोजा. सिंकच्या वर काय आहे? खिडकी, फळी, कपाट? भोकापासून मागची भिंत किती लांब? सिंक किती खोल? आणि ते ४५ आणि ३९ म्हणजे कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची, की पाणी जिथून पडतं त्या तोंडापर्यंतची?

घाईत_आहे
एवढं सगळं कशाला लागतं? सिंक नेहमीचंच आहे. उंची खोक्यावर लिहिलीय तीच दिली.

पाना_पक्कड
खोक्यावर बहुधा माथ्याची उंची असते. तोंड त्याच्या बरंच खाली येतं. पातेलं मावतं की नाही हे तोंडाच्या उंचीवर ठरतं आणि वरच्या फळीला लागतं की नाही हे माथ्यावर. म्हणून दोन्ही लागतात.

मधुरा_जी
माझाही प्रश्न इथेच विचारते. आमचं सिंक वारंवार तुंबतं, जाळी बदलली तरी तेच. उंच नळाने फरक पडेल का?

निवांत_बुवा
मधुराताई, नळाचा आणि तुंबण्याचा काय संबंध? खालचा बाक उघडून बघा. वेगळा धागा काढा ना.

घाईत_आहे
घ्या, मोजलं. भोकं साडेतीन सेंमीची, शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमध्ये १० सेंमी. वर फळी आहे, तिची खालची कड सिंकपासून ४२ सेंमी. भोकाच्या मध्यापासून भिंत ६ सेंमी. सिंक २० सेंमी खोल. ३९वाल्याचं तोंड सिंकच्या काठापासून २० सेंमी वर आहे, ४५वाल्याचं २५. फळी सरकणार नाही, वर डबे असतात.

पाना_पक्कड
आता बोलता येईल. ४५ गेलाच, फळी ४२ वर आहे.

३९ पुरतो का ते बघू. तुमचं सर्वात उंच भांडं २५ सेंमीचं धरा. ते सिंकच्या तळाला ठेवलं की काठ सिंकच्या वर ५ सेंमी येतो आणि नळाचं तोंड २० वर. मध्ये १५ सेंमी मोकळे राहतात. भांडं आत-बाहेर काढायला एवढं पुष्कळ झालं. बुवा म्हणतात तशी उंच नळाची गरज उथळ सिंकला जास्त. पण उथळ सिंकमध्ये उंचावरून धार पडली की शिंतोडे ओट्यावर येतात, हीही त्याची दुसरी बाजू.

पट्टीचा हिशेब सोपा आहे. बाहेरच्या दोन भोकांचे मध्य २० सेंमी लांब, त्यात दोन्हीकडच्या अर्ध्या भोकाचे मिळून साडेतीन. म्हणजे पट्टी साडेतेवीसच्या वर हवीच. २५ची असेल तर प्रत्येक टोकाला पाऊण सेंमी राहतो, तो पुरतो, पण मधोमध बसवा आणि खाली रबराची गॅस्केट किंवा सिलिकॉन नक्की घाला. नाहीतर ओट्यावरचं पाणी पट्टीखालून भोकात उतरतं आणि महिन्यांनी कपाटाची फळी फुगल्यावर कळतं. पट्टी नळाच्या खोक्यात आहे का तेही बघा. सगळ्यांत नसते, आणि दुसऱ्या नळाची पट्टी मधल्या भोकाला जुळेलच असं नाही.

सुमी
पट्टी नको. एका बाजूच्या भोकात साबणाचा पंप लावा, दुसऱ्यावर टोपण. आम्ही तसंच केलंय, छान दिसतं.

पाना_पक्कड
तेही चालतं. पंपाची कड साडेतीन सेंमीचं भोक पूर्ण झाकते का ते हातात घेऊन बघा, लहान कडेचे पंप आत घसरतात.

धागाकर्ते, अजून दोन गोष्टी. ६ सेंमीवर भिंत आहे. बाजूला दांडी असलेला नळ असेल तर गरम-थंड करताना ती मागे झुकते आणि बोटं भिंतीला घासतात. दांडी उभी असताना बंद आणि फक्त पुढेच येते, असं मॉडेल असतं, ते बघा. दुकानात दांडी मागे ढकलून नळाच्या मध्यापासून किती जाते ते मोजा.

दुसरी, फळीची. वापरताना ३ सेंमीची फट पुरेशी आहे, तोंड खाली ओढता, वर काही जात नाही. पण बसवताना नळ वरून भोकात सोडावा लागतो. ज्याला आट्यांची जाड दांडी अंगचीच असते तो आधी तेवढा वर उचलावा लागतो. ६ सेंमीची दांडी असेल तर ४५ सेंमी जागा हवी. फळी नळाच्या माथ्यावर येत असेल तर ती तात्पुरती काढावी लागेल.

निवांत_बुवा
अहो, तिरका करून घालतात. आमच्या प्लंबरने तसंच केलं.

पाना_पक्कड
साडेतीन सेंमीच्या भोकात जाड दांडी फार तिरकी जात नाही. बारीक स्क्रूवर आवळणारा नळ असेल तर जातो. तुमचा तो असावा.

जुना_गडी
पुल-डाऊन घेऊच नका. पाइप परत आत जात नाही, तोंड लोंबकळत राहतं. आमचं तसंच झालं.

पाना_पक्कड
सिंकखाली बघा. पाइपला एक वजन लावलेलं असतं, त्याच्या ओढीनेच तोंड परत बसतं. वजन खूप खाली लावलं तर कपाटाच्या तळाला टेकतं आणि ओढत नाही. खूप वर लावलं तर तोंड पुरेसं बाहेर येण्याआधीच वजन वर अडकतं. पाइपवर खूण असते, तिथे लावायचं. नाहीतर पाइप कचऱ्याच्या डब्यात किंवा फिल्टरच्या नळीत अडकत असेल.

जुना_गडी
डबा तिथेच आहे खरा. हलवून बघतो. तरी साधा नळ बरा, हे माझं मत.

पाना_पक्कड
जुन्या गड्यांचा नसला तरी एक आक्षेप खरा आहे. टाकी नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असेल तर दाब साधारण ०.३ बार मिळतो, १० मीटरला एक बार. नळाच्या कागदावर किमान दाब लिहिलेला असतो. त्याहून कमी असेल तर फवारा मलूल पडतो. धागाकर्ते, तुमची टाकी किती वर आहे?

घाईत_आहे
टाकीचं विचारावं लागेल. ३९चाच सांगतो, खोक्यात पट्टी आहे. दांडी मागे जाते की नाही ते उद्या दुकानात बघतो. फळी स्क्रूवर आहे की भिंतीत पुरलेली, तेही कोणाला तरी विचारतो. डबे उतरवायला लागणार म्हणजे घरात बोलणी खाणार.

मधुरा_जी
बाक उघडला, त्यात चमचा निघाला.