मदत हवी आहे: ४० माणसांचा पगार बाहेर करायला द्यावा का?

काजूबी
वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना आहे, भागीदारीत. ४० माणसं, बहुतेक बायका. सोलणीची मजुरी किलोवर, बाकीचे महिन्याच्या पगारावर. पीएफच्या हिशेबाचा एकूण पगार महिन्याला साधारण ४ लाख. पगाराचं सगळं आमचा कारकून करतो. २०२४ला तो चतुर्थीला गावी गेला, १५ सप्टेंबरची पीएफची तारीख हुकली आणि चलन २३ला भरलं. तेव्हापासून भावाचं एकच टुमणं, पगार बाहेर द्या. मुंबईच्या एकांनी माणशी १२५ रुपये सांगितलेत, पण किमान ५० माणसांचे. म्हणजे महिना ६,२५०, वर जीएसटी. परवडेल का?

बागायतदार
आम्ही आंब्याला नेपाळी गडी ठेकेदाराकडूनच घेतो. डोक्याला ताप नाही.

काजूबी
अहो, माणसं आमचीच आहेत. फक्त हिशेब बाहेर द्यायचाय.

कुडाळची_मी
द्या बिनधास्त. तारीख चुकली तर दंड त्यांच्या माथी, तुम्ही मोकळे.

खतावणी
ताई, अर्धंच बरोबर आहे. करारात तसं लिहून घेतलंत तर नुकसान त्यांच्याकडून मागता येईल, पण पीएफ कार्यालयाची नोटीस मालकालाच येणार.

काजूबी, कारकुनाचे पगारापायी किती दिवस जातात? त्यातले मस्टर आणि सोलणीची वजनं जुळवण्यात किती?

काजूबी
चार दिवस. वजनांतच अडीच जातात, पावसाळ्यात वहीची पानं ओली होऊन आकडे फुटतात. त्याचा पगार १८,०००.

खतावणी
मग ते अडीच दिवस तुमच्याकडेच राहणार. मुंबईवाला वजनं मोजायला येणार नाही, तुम्ही एक्सेल पाठवाल तेव्हा तो पुढचं करेल. वाचतो दीड दिवस. २६ दिवसांनी भागलं तर हजारभर रुपये. जीएसटीची वजावट मिळते असं धरलं तरी महिन्याला ५,२०० जास्त जातात, वर्षाला ६२ हजारांच्या वर.

आता चुकलेल्या तारखेचं. दोन्ही वाटे आणि बाकी आकार धरून चलन लाखभराचं. आठ दिवसांचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी आणि दंड महिन्याला १ टक्क्याने, मिळून पाचेकशे. खरा फटका आयकरात बसला असेल. कामगारांच्या पगारातून कापलेले ४८,००० तारखेनंतर भरले की तेव्हाच्या नियमाने खर्च म्हणून धरत नव्हते. सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये हेच सांगितलं. भागीदारीला ३१.२ टक्क्यांनी जवळपास १५,००० जादा कर. सीएना विचारा, त्या वर्षी ही रक्कम उत्पन्नात मिळवली होती का.

काजूबी
विचारलं. मिळवली होती, आम्हाला पत्ताच नाही!

खतावणी
तेव्हाचा नियम धरला तरीसुद्धा वर्षाला चार वेळा चुकाल तेव्हा कुठे ६२ हजार वसूल होतील. त्यापेक्षा चलन १० तारखेला भरा आणि लॉगिन दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा.

कुडाळची_मी
पण कारकून नोकरीच सोडून गेला तर? आमच्याकडे तसंच झालं. आणि बाहेरच्यांनी पहिल्याच महिन्यात १२ हजारवाल्या बायकांचा व्यवसाय कर कापला, २५,०००पर्यंत माफ असताना.

खतावणी
कारकून गेला तर माझं गणित बदलतं, हे खरं. त्याची किंमत मला मांडता येत नाही.

काजूबी
दुसरं माणूस म्हणजे वहिनीच आहे, पण ती चतुर्थीला चुलीपाशी. कुडाळचे एक कन्सल्टंट नुसतं पीएफचं चलन २,००० रुपयांत करतात म्हणे. तसं अर्धंच काम कुणी बाहेर दिलंय का?