पेपरला उशीर, गेटवरून परत: परीक्षा नियंत्रकांना लिहायच्या अर्जाबद्दल तुमचे अनुभव

खाडीपल्याड
सकाळपासून वारा सुटलाय. पलीकडच्या धक्क्यावर फेरी थांबलीय म्हणून निरोप आला आणि ऑक्टोबरच्या परीक्षांचे दिवस आठवले. गेट बंद झाल्यावर बाहेर उभ्या राहिलेल्या पोरांचे अर्ज बरेच डोळ्यांखालून गेलेत. त्यातले निम्मे एकाच जागी अडकतात, वेळेचा हिशेब लागत नाही. 'बोट उशिरा आली म्हणून उशीर झाला' एवढं एक वाक्य, आणि पुढे पानभर विनवणी.
ज्यांनी असे अर्ज लिहिलेत, वाचलेत, पुढे पाठवलेत त्यांनी इथे लिहा. काय टिकतं, काय परत येतं.

जुना हेडक्लार्क
आधी पत्ता. मुंबई विद्यापीठाखालच्या कॉलेजांना २०१६ च्या कायद्यापासून पदनाम आहे 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ'. बोलताना सगळे अजून कंट्रोलरच म्हणतात, त्यात काही बिघडत नाही, पण कागदावर नवं पदनाम घाला. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ वेगळ्या कायद्याखाली येतं, तिथलं पदनाम त्यांच्याच परिपत्रकावरून उचला.
दुसरं, अर्ज थेट कलिन्याला टपालाने धाडू नका. 'मार्फत: मा. प्राचार्य' लिहून आपल्या कॉलेजात द्या, शक्यतो त्याच दिवशी. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

मिरजोळे_०७
अर्ध्या तासापर्यंत आत घ्यावंच लागतं ना? सगळीकडे हाच नियम आहे. नाही घेतलं तर चूक केंद्राची, अर्जात तसं ठणकावून लिहायचं.

खाडीपल्याड
सगळीकडे नाही हो. नीटला गेट दीडला बंद होतं आणि पेपर दोनला सुरू. म्हणजे सुरू व्हायच्याही अर्धा तास आधीच खेळ खलास. दहावी-बारावीला अकराच्या पेपरला साडेदहाला दालनात बसायचं असतं. विद्यापीठाच्या पेपरला पुष्कळ ठिकाणी सुरुवातीनंतरचा अर्धा तास चालतो, पण पुरावा म्हणजे हॉल तिकिटावरची सूचना. ती वाचा आणि अर्जात तीच मर्यादा लिहा, ऐकीव नको.
त्या अर्ध्या तासामागचं कारणही कळलं पाहिजे. तेवढा वेळ आतल्या कोणालाही बाहेर सोडत नाहीत. एकदा पहिला परीक्षार्थी बाहेर पडला की पेपर बाहेर फुटला असं धरतात, मग नंतर येणाऱ्याला आत घेता येत नाही. म्हणून 'फक्त बारा मिनिटांचा प्रश्न होता' या वाक्याला तिथे शून्य किंमत. मर्यादेच्या अलीकडे आलात की पलीकडे, एवढंच बघतात.

वेंगुर्ल्याची सून
माझ्या झिलाचो सीईटीचो पेपर होतो, हॉल तिकिटावर फोटोच अस्पष्ट ईलो. त्याका पण असोच अर्ज करूचो काय? कोणाक म्हायत असात तर सांगा गे, टेन्शन इला.

जुना हेडक्लार्क
वहिनी, तो विषय वेगळा. सीईटी सेलच्या पोर्टलवर लॉगिन करून तक्रार नोंदवा, आजच. इथल्या अर्जाचा तिथे उपयोग नाही.

तांबडी माती
मेडिकल सर्टिफिकेट लावा की! आमच्याकडे सगळे तेच करतात. ताप होता म्हणायचं, विषय संपला.

प्राध्यापिका (निवृत्त)
विषय तिथेच सुरू होतो. पोरगा ११.४२ ला गेटवर आला हे वॉचमनला माहीत असतं, बऱ्याचदा केंद्रप्रमुखांनी नोंदही केलेली असते. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे झोपून होता हा कागद कसा बसणार? केंद्राचा अहवाल आणि अर्ज शेजारी ठेवले की दोन मिनिटांत उघडं पडतं, आणि खरी अडचणही खोटी ठरते. ताप खराच असेल तर 'ताप होता, तरी आलो, इतक्या वाजता पोहोचलो' असं लिहा. सर्टिफिकेट त्या जोडीला.

खाडीपल्याड
अगदी. आता नमुना देते, वेळा उदाहरणादाखल आहेत. गुहागर बाजूचा मुलगा, केंद्र दापोलीत, रोज धोपावे-दाभोळ फेरीने जातो. पेपर अकराचा, हॉल तिकिटावर प्रवेश साडेअकरापर्यंत.

> विषय: दि. … रोजी केंद्रावर स. ११.४२ वाजता पोहोचल्याने प्रवेश न मिळाल्याबाबत.
>
> महोदय, माझा आसन क्रमांक …, पीआरएन …, केंद्र क्रमांक …, विषय व पेपर कोड … असा आहे. पेपर स. ११.०० वाजता होता. धोपावे येथून ८.१५ ची फेरी व दाभोळहून ८.४५ ची एसटी या मार्गाने मी साधारण १०.०० वाजता केंद्रावर पोहोचतो. त्या दिवशी वाऱ्यामुळे फेरी ९.५० वाजता सुटली. दाभोळ धक्क्यावर १०.०५ वाजता उतरलो. पुढील एसटी १०.२५ ची मिळाली. ती दापोली स्थानकात ११.३० वाजता पोहोचली. तेथून चालत ११.४२ वाजता प्रवेशद्वारावर आलो. प्रवेशाची मुदत ११.३० पर्यंत असल्याने प्रवेश मिळाला नाही. फेरीचे व एसटीचे तिकीट आणि प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे. कारणाची नोंद घेऊन या पेपरसाठी नियमात बसणारी संधी मिळावी, ही विनंती.

यात 'साधारण १०.०० वाजता पोहोचतो' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच पोरं गाळतात. वाचणारा पहिला प्रश्न हाच करतो: फेरी वेळेवर असती तर हा कधी पोहोचला असता? उत्तर 'अकराला पाच कमी' असेल तर दोष वाऱ्याचा नाही, निघायच्या वेळेचा. इथे तासभर हातात ठेवून निघालाय हे कागदावर दिसतं.
दुसरी जागा धक्क्यावरची वीस मिनिटं. १०.०५ ला उतरला आणि ११.३० ला स्थानकात, एवढंच लिहिलं असतं तर कोणीही विचारेल की पाऊण-एक तासाच्या रस्त्याला दीड तास कसा? '१०.२५ ची एसटी' लिहिलं की भोक बुजतं.

मिरजोळे_०७
पण स्टँडवरून रिक्षा का नाही केली? चालत कशाला 😄

खाडीपल्याड
स्टँडवरच साडेअकरा वाजले होते ना. रिक्षाने चार मिनिटं वाचली असती, गेट काही उघडलं नसतं. प्रश्न मात्र बरोबर आहे, ऑफिसातही कोणीतरी विचारतंच.

गार्डाचा डबा
रेल्वेने येणाऱ्यांसाठी. उतराल त्या स्टेशनवर स्टेशन मास्तरकडे गाडी उशिरा आल्याचा दाखला मागा, तिकीट दाखवून. परतीच्या गाडीला नंतर जाऊन मागितला तर कटकट होते. पेपरला धावायचं असेल तर बरोबरच्या माणसाला मागे ठेवा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट जोडीला ठेवा, दाखल्याच्या जागी नको.
आणि एक. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुळातच हळू धावतात, वेळा बदललेल्या असतात. पोरं उन्हाळ्यातली वेळ धरून 'गाडी दीड तास लेट' लिहितात आणि दाखल्यात निघतो लेट वीस मिनिटांचा. मग दाखलाच तुमच्या विरुद्ध जातो.

सुकी बांगडी
लेट वीस मिनिटं म्हणजे आमच्याकडे वेळेवर 😂 पेडण्याला बोगद्यात पाणी आलं तेव्हा काय झालं आठवतंय का कोणाला

गार्डाचा डबा
न आठवायला काय झालं. जुलै २०२४. गाड्या मिरज मार्गे वळवल्या होत्या.

प्राध्यापिका (निवृत्त)
एसटीबद्दल. मशीनच्या तिकिटावर तारीख-वेळ छापलेली असते, पण शाई दोन महिन्यांत उडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. गाडी वाटेत बंद पडली असेल तर तिकिटावर ते दिसणार नाही, तेव्हा आगारात वाहतूक नियंत्रकाकडे गाडी नंबरासकट अर्ज करून तसं लेखी घ्या. कंडक्टरची तोंडी साक्ष कोणी धरत नाही.

तांबडी माती
एवढं सगळं करून मिळतं काय? पेपर परत घेतात?

जुना हेडक्लार्क
एकट्यासाठी सहसा नाही. हजेरीपटावर गैरहजर लागतं आणि तो पेपर पुढच्या सत्रात एटीकेटीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. कॉलेज स्वतः घेतं त्या सत्रांत प्राचार्यांच्या हातात थोडी जागा असते, तिथे असा कागद उपयोगी पडतो. आणि पूर, दरड, रस्ता बंद, अशात एकाच केंद्रावर बरीच मुलं चुकली असतील तर प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि प्राचार्यांचं एक पत्र एकत्र जाऊ दे. विद्यापीठ फेरपरीक्षेचा विचार करतं तो अशाच वेळी, आणि तेव्हा यादीत नाव कोणाचं हे आवक नोंदीवरून ठरतं.
बारावीचं असेल तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण विभागीय मंडळ, रायगडवाल्यांचं मुंबई. पण तिथेही बहुधा पुरवणी परीक्षाच.

मिरजोळे_०७
आणि वॉचमनने अरेरावी केली ते लिहायचं की नाही?

प्राध्यापिका (निवृत्त)
या अर्जात नको. उशिराचा अर्ज आणि तक्रार एका कागदात घातली की उत्तर फक्त तक्रारीला मिळतं.

जुना हेडक्लार्क
बाईंशी अर्धा सहमत. मुलगा ११.२६ ला आला आणि तरी आत घेतलं नाही, अशी केस असेल तर गेटवरची वेळ हाच अख्खा मुद्दा आहे. तेव्हा 'प्रवेशद्वारावरील सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावे' ही ओळ त्याच अर्जात हवी. चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, वेगळा अर्ज फिरून येईपर्यंत काही उरत नाही.

प्राध्यापिका (निवृत्त)
मग दोन अर्ज, एकाच दिवशी, दोन आवक क्रमांक. मला एकत्र पटत नाही.

जुना हेडक्लार्क
खिडकीवरचा माणूस दुसरा अर्ज घेत नाही हो बाई, 'एक दिलात ना' म्हणतो.

वेंगुर्ल्याची सून
तक्रार नोंदवली. ओटीपी येना नाय.

सुकी बांगडी
रेंज बघा वहिनी, वारो आसा आज. खाडीपल्याड, फेरी सुटली का?

खाडीपल्याड
आत्ताच भोंगा ऐकू आला. चला, कुकर लावायचाय.