मदत हवी आहे: शाळेच्या मैदानावर परिसंस्थेचा तास, निरीक्षणपत्रक आणि सुरक्षेचे नियम

रानवाटा
सातवीच्या ४० मुलांना जोडतास मिळाला आहे. पायवाटेलगतच्या आणि मोठ्या झाडाखालच्या वनस्पतींची तुलना करून पायदळी तुडवल्याचा परिणाम दाखवायचा विचार आहे. चार-चार मुलांचे दहा गट, प्रत्येकाला ५० सेंमी बाजूची दोरीची चौकट. पत्रकावर सध्या तीनच रकाने आहेत: वनस्पतीचे नाव, संख्या, इतर जीव. हे पुरेल का? आणि सुरक्षेचे नियम मोजकेच पण नेमके हवेत.

गुंडाभाऊ
चौकट कुठे ठेवायची यावरून गट भांडतात. सोपा उपाय म्हणजे पाठमोरं उभं राहून खांद्यावरून मागे फेकायची. पडेल ती जागा. पूर्ण यादृच्छिक!

मातीमाय
गुंडाभाऊ, मुलांना जागा निवडू द्यायची नाही हे बरोबरच. नाहीतर सगळ्या चौकटी फुलं असलेल्या जागी जातात. पण फेकणारा आधी डोळ्यांनी जागा हेरतोच, शिवाय मागे कोणीतरी उभं असतं. त्यापेक्षा मोजपट्टी वाटेला समांतर अंथरा आणि चिठ्ठीत येईल त्या मीटरवर चौकट ठेवा.

रानवाटा, तुमच्या आखणीतली खरी अडचण वेगळी आहे. झाडाखाली तुडवणं कमी असेल, पण ऊनही कमी असतं आणि पाचोळाही साचतो. फरक दिसला तरी तो कशामुळे, हे मुलांना सांगता येणार नाही. दोन्ही जागा उन्हातच घ्या: एक वाटेला लागून, दुसरी तिथून चार-पाच मीटर आत, जिथे कोणी चालत नाही. झाडाखालची जागा पुढच्या तासाला ठेवा.

संख्येचा रकानाही काढाच. गवताचं एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, यावर वाद घालण्यातच तास जाईल. एका दोरीच्या तुकड्यावर ५, १५, २५, ३५, ४५ सेंमीवर शाईच्या खुणा करा. चौकटीच्या कडेनेही त्याच अंतरांवर तो तुकडा पाच वेळा आडवा धरायचा. प्रत्येक खुणेच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं, म्हणजे २५ बिंदू होतात आणि एक बिंदू ४ टक्क्यांचा. समजा वाटेलगत गवत ९, जमिनीसरपट रुंद पानं २, उघडी माती १४ आली, तर ३६, ८ आणि ५६ टक्के. आतल्या चौकटीत गवत १५, उभी रोपं ७, माती ३ असेल, तर ६०, २८ आणि १२. उभी रोपं वाटेलगत का नाहीत, हा प्रश्न मुलंच विचारतील. त्यांचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो, तो चिरडला की रोप मागे पडतं. गवताचा कोंब बुंध्याशी, मातीलगत असतो, म्हणून ते बरंच टिकतं.

बिंदू वाचताना डोकं सरळ वर हवं. तिरकं पाहिलं की शेजारचं पान मोजलं जातं, आणि एकाच चौकटीला दोन मुलांचे आकडे फार वेगळे येतात. कारण बहुधा हेच असतं.

चष्मेबद्दूर
आमच्याकडे सगळं सिमेंटच, मैदानच नाही. कुंड्यांवर चालेल का? आणि नावांचं काय? मला स्वतःला चारच वनस्पती ओळखू येतात.

मातीमाय
कुंडीत काय उगवायचं हे माळ्याने ठरवलेलं असतं. त्यापेक्षा फरशीच्या भेगा घ्या, रहदारीच्या आणि कोपऱ्यातल्या. नावं नकोतच. अ, ब, क म्हणा आणि शेजारी पानाचं चित्र काढा. फक्त सगळ्या गटांचा 'अ' एकच असावा, म्हणून सुरुवातीला पाच मिनिटं एकत्र फिरून ठरवा. रिकामा रकाना म्हणजे 'नाही' की 'पाहिलंच नाही', हे नंतर कळत नाही. नसेल तिथे शून्य लिहायला लावा.

रानवाटा
जागा बदलते. आणि सुरक्षा?

शिट्टीवाला
खेळाचा शिक्षक आहे. त्याच सकाळी स्वतः फेरी मारा: काचा, तारा, गांधीलमाशांचं पोळं, मुंग्यांची वारुळं. बिळात हात नाही, काही तोंडात घालायचं नाही, पायात बूट. कोणाला डंखाची ॲलर्जी आहे हे आधी विचारून ठेवा, औषध वर्गात नाही तर तुमच्या खिशात हवं. एक लांब शिट्टी झाली की हातातलं सोडून तुमच्याकडे. हे वर्गात नाही, मैदानावर एकदा करून घ्या. दगड उचलूच देऊ नका.

मातीमाय
दगडाबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. पलीकडची कड आपल्याकडे उचलली तर दगड मध्ये आडोसा राहतो आणि खालचा जीव पलीकडे पळतो. मग तसाच हळू परत ठेवायचा. पण ते शिक्षकाने करावं.

शिट्टीवाला
एक शिक्षक, दहा गट. दगड उचलताना बाकीच्या नऊ गटांकडे कोण बघणार?

रानवाटा
वाटेलगत पाच आणि आत पाच गट ठेवून मध्यावर जागा बदलते, म्हणजे प्रत्येक गटाला दोन्ही चौकटी मिळतील. दगड वगळला. सोबत दुसरं मोठं माणूस मिळतंय का ते विचारते. शेवटचं एक: अनोळखी पान वर्गात नेऊन दाखवायला तोडू द्यावं का?

गुंडाभाऊ
एका पानाने काय होतंय!

चष्मेबद्दूर
चाळीस मुलं, चाळीस पानं. शिवाय खाज सुटणारं निघालं तर?