उत्तर: समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या उजळणीच्या कार्डावर टीका कोणती?

«श्रीनिवासांच्या संस्कृतीकरणाच्या कार्डावर टीका कोणती लिहू? सरांच्या नोट्समध्ये चार दिल्यात.»

उदाहरणालाच भिडेल ती लिही. उदाहरण असं: खालची मानलेली एखादी जात मांस-दारू सोडते, वरच्यांचे विधी उचलते आणि एक-दोन पिढ्यांनी वरचा मान मागते. इथे बदलते ती त्या जातीची पायरी, जातींचा जिना तसाच राहतो. हे श्रीनिवासांनीही मान्य केलं होतं. शिवाय अस्पृश्य ठरवलेल्यांना आचार बदलूनही वर येऊ दिलं जात नसे. माझ्या मते हीच टीका सर्वांत जोरकस.

शेजारी आंबेडकरांचं कार्ड ठेव: तिथे जिनाच मोडायचा आहे, उदाहरण 1956 चं धर्मांतर. श्रीनिवास आपल्या बडोद्याच्याच विद्यापीठात शिकवायचे, तोंडीला विचारतातच.