शब्दचर्चा: पीएलएलमधलं 'लॉक' म्हणजे कुलूप का? आणि मग 'कॅप्चर'ला काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ: डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलच्या नोट्स मराठीत करतेय, फेज लॉक्ड लूपवर येऊन अडकले. फेजला 'कला' हा जुना शब्द आहे, चंद्राच्या कला असतात त्यातला, तो मला पटतो. पण 'लॉक रेंज' आणि 'कॅप्चर रेंज' दोन्हीला मी 'पकड पल्ला' लिहून ठेवलं आणि मग टेबलात एकाच नावाखाली दोन वेगळे आकडे आले, 565 आयसीवर एक ±5 किलोहर्ट्झ आणि दुसरा जेमतेम ±1.5. म्हणजे मीच काहीतरी चुकतेय. 'लॉक'ला 'कुलूप' तर नकोच वाटतं. काय म्हणू?

पिन तेरा: दोन्ही एकच असतं ताई, उगाच दोन शब्द शोधू नका. मी 4046 वर मोजलंय, खालून वर गेलो, वरून खाली आलो, जिथे पकडतो तिथेच सोडतो. तुमचं रीडिंग चुकलं असणार.

वायरमन: फेज लॉक म्हणजे मोटरची एक फेज गेली की ती जाम होते तेच ना? आमच्याकडे त्याला 'फेज उडाली' म्हणतात.

शब्दवेल्हाळ: नाही दादा, ही तारेतली फेज नाही. एक लहर दुसऱ्या लहरीच्या किती पुढे-मागे आहे ती फेज. 'फेज उडाली' मात्र झकास आहे, लिहून ठेवते.

जुना सोल्डर: ताई, तुमचं रीडिंग बरोबर आहे आणि शब्दही तिथेच सापडतो. मराठीत चोर 'पकडतात' आणि हात 'धरतात'. कॅप्चर म्हणजे पकडणं, लॉक म्हणजे धरून ठेवणं. मी शिकवताना 'पकडीचा पल्ला' आणि 'धरून ठेवायचा पल्ला' असंच म्हणायचो. आता दोन आकडे वेगळे का ते सांगतो, कारण ते कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

तुमच्या बोर्डावर बहुतेक 3 किलोओहम आणि 0.01 मायक्रोफॅरड असेल, 0.3/(RC) ने व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, एकटा असताना 10 किलोहर्ट्झवर फिरतो. सप्लाय एकूण 16 व्होल्ट धरला तर धरून ठेवायचा पल्ला 8f₀/V, म्हणजे ±5 किलोहर्ट्झ. याचा साधा अर्थ, फेज डिटेक्टरने पूर्ण जोर लावला तर तो व्हीसीओला 5 किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे ओढू शकतो, त्याहून जास्त नाही.

आता इनपुट 8 ला ठेवा. अजून काही जुळलेलं नाही. डिटेक्टर दोन लहरींचा गुणाकार करतो, त्यातून फरकाची म्हणजे 2 किलोहर्ट्झची बीट बाहेर पडते (बेरजेची 18 ची पण पडते, तिला फिल्टर जवळजवळ गिळतो). पण बीटलाही त्याच फिल्टरमधून जावं लागतं! आतला 3.6 किलोओहम आणि तुम्ही लावलेला 0.1 मायक्रोफॅरड, त्यांचा कोपरा येतो साधारण 440 हर्ट्झला, त्यामुळे 2 किलोहर्ट्झची बीट पार होईपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा उरते. 5 चा पाचवा हिस्सा 1, म्हणजे व्हीसीओ 10 च्या आसपास 1 किलोहर्ट्झ मागेपुढे डुलणार, 8 पर्यंत त्याचा हात पोचतच नाही. इनपुट 8.6 ला आणा. फरक 1.4, बीट हळू झाली म्हणून फिल्टरमधून तीस टक्के उरली, हात 1.5 पर्यंत गेला, पोचला. पकडलं.

आणि एकदा पकडलं की फरक शून्य, बीट संपली, व्हीसीओकडे जाणारा व्होल्टेज सरळ डीसी झाला. डीसीला फिल्टर अडवत नाही. म्हणून जोर पुन्हा पूर्ण 5 चा, आणि तुम्ही इनपुट सावकाश सरकवत 15 पर्यंत नेलं तरी व्हीसीओ मागोमाग येतो. 15 च्या पुढे हात सुटतो आणि तो परत 10 वर जाऊन बसतो. उलटं वरून खाली आलात तर 11.5 च्या आसपास पकडेल आणि 5 ला सोडेल.

खात्री करायची असेल तर फिल्टरचा कपॅसिटर 0.1 चा 1 मायक्रोफॅरड करून बघा, पकडीचा पल्ला ±470 हर्ट्झवर येईल आणि धरून ठेवायचा ±5 किलोहर्ट्झ तसाच राहील.

पिन तेरा: मग माझं 4046 वर सेम का आलं? मी खोटं नाही सांगत.

जुना सोल्डर: तुम्ही पिन 13 वापरली, नावावरूनच दिसतंय. तो दुसरा कंपॅरेटर आहे, त्याला फेजबरोबर फ्रिक्वेन्सी कमी का जास्त हेही कळतं, म्हणून फरक कितीही असला तरी तो एकाच दिशेला ढकलत राहतो, बीटच्या भरवशावर नसतो. तिथे दोन्ही पल्ले खरंच एक होतात. त्याच आयसीत पिन 2 वरचा एक्सऑर वापरून मोजा, आकडे फुटतील. तुमचं मोजमाप बरोबर, फक्त ते सगळ्यांना लागू होत नाही.

तिप्पट: माझं मग वेगळंच आहे, पिन 2 च वापरतोय, व्हीसीओ 30 च्या आसपास लावलाय, इनपुट चुकून 10 किलोहर्ट्झ दिलं तरी लॉक झालेलं दिसतं, कंट्रोल व्होल्टेज एकदम शांत, आणि मी दोन दिवस आयसी बदलत बसलो. याला लॉक म्हणायचं का नाही?

जुना सोल्डर: म्हणायचं, पण चुकीच्या माणसाचा हात धरला असं. चौकोनी लहरीत तिप्पट हार्मोनिक असतो, एक्सऑर त्यालाही धरतो. व्होल्टेज शांत आहे एवढ्यावरून कळणार नाही. स्कोप इनपुटवर ट्रिगर करा आणि इनपुटच्या एका फेऱ्यात व्हीसीओच्या किती फेऱ्या बसतात ते मोजा, तीन दिसतील.

शब्दवेल्हाळ: 'धरून ठेवणं' एकदम बसलं. मग कुलूप बाद, कारण कुलूप लावलं की वस्तू हलत नाही आणि इथे तर इनपुट हललं की व्हीसीओही हलतो. पण एक विचारते, 'कला जुळणे' लिहिलं तर? म्हणजे लॉक झाल्यावर फेज सारखीच होते ना?

जुना सोल्डर: नाही, तिथे घसराल. सारखी होते ती फ्रिक्वेन्सी. फेजमध्ये फरक उरतोच, तो फक्त ठरलेला असतो, पळत नाही. 565 मध्ये बरोबर मधोमध 10 वर तो 90 अंश असतो आणि पल्ल्याच्या कडांकडे जाताना एकीकडे 0 कडे, दुसरीकडे 180 कडे जातो. व्हीसीओला बाजूला ओढणारा व्होल्टेज त्या फरकातूनच तयार होतो, तो पूर्ण पुसला तर ओढणार कोण? 'कला बांधलेली' म्हणा, 'जुळलेली' नको.

पिन तेरा: पिन 13 ला मात्र लॉक झाल्यावर फरक शून्याजवळच येतो, स्कोपवर दोन्ही कडा एकावर एक दिसतात. तिथे 'जुळलेली' चालेल की.

जुना सोल्डर: हो, तिथे चालेल, हे बरोबर पकडलंत.

शब्दवेल्हाळ: म्हणजे डिटेक्टर बदलला की शब्दही बदलायचा? नोट्समध्ये दोन्ही आयसी आहेत. मी सगळीकडे 'कलाबद्ध' ठेवून बघते, 'बद्ध'मध्ये दोन्ही मावतंय असं वाटतं. 'लूप'ला पाश लिहू का वळसा?

वायरमन: पाश नको ताई, फास वाटतो. लूपच राहू द्या.

तिप्पट: मोजलं. तीन फेऱ्या.