दर सेकंदाला व्याज जोडलं तरी पैसा थांबतो कुठे?

>> "रोज काय, दर सेकंदाला व्याज जोडलं तर रक्कम वाढतच जाईल ना? मग हा e मधेच कुठून आला?"

भाऊ, १ लाख घ्या, ८ टक्के, एक वर्ष, आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पहा. वर्षातून एकदा जोडलं तर १,०८,०००, तिमाहीला जोडलं तर १,०८,२४३, महिन्याला १,०८,३००, रोज १,०८,३२८. म्हणजे महिन्यावरून रोजवर आलो तरी फक्त २८ रुपये वाढले, कारण हप्ते वाढतात तसा प्रत्येक हप्त्याचा दरही तेवढाच बारीक होतो ना.

लॉग घेतला की हे एकदम साफ दिसते. r म्हणजे वर्षाचा दर, n म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज जोडलं, आणि e म्हणजे साधारण २.७१८ ही ठरलेली संख्या. (1 + r/n)^n चा लॉग म्हणजे n·ln(1 + r/n), आणि हा साधारण r − r²/(2n) येतो, आता n वाढवत नेला की मागचं पद शून्याकडे जाते आणि उरतो फक्त r, म्हणून रक्कम e^r पट. आपल्या केसमध्ये e^0.08 म्हणजे १,०८,३२८.७१, याच्या वर कितीही वेळा जोडा, जात नाही. n दुप्पट केला की या आकड्यापासूनचं अंतर जवळपास निम्मं होते, तेही तपासून पहा.

आमच्या धरमपेठेतल्या ट्यूशनमध्ये पोरं एक चूक नेहमी करतात, एफडीचा दर तिमाहीला जोडला जाणारा वार्षिक ८ टक्के तसाच e^(rt) मध्ये टाकतात, t म्हणजे वर्षं. तसं नका करू, आधी दर बदलून घ्या: 4·ln(1.02), म्हणजे ७.९२१ टक्के, मग उत्तर बरोबर १,०८,२४३ येते.