मदत हवी आहे: लोकशोध साइटवरून बहिणीची माहिती काढायची आहे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण मुलुंडला राहते. तिचं नाव गुगलवर टाकलं की एका परदेशी लोकशोध साइटचं पान वर येतं. फोटो, कंपनी, हुद्दा, उपनगर, सगळं तिच्या नोकरीच्या प्रोफाइलवरून जसंच्या तसं उचललेलं. हुद्दा तर जुनाच आहे, त्यावरूनच कळलं की ही नक्कल आहे. प्रोफाइल आम्ही लगेच बंदिस्त केलं, पण त्यांच्याकडची प्रत त्याने थोडीच जाते!

साइटच्या तळाशी माहिती काढण्याचा फॉर्म होता. पानाची लिंक देऊन तो भरला, ईमेलवरून खात्रीही केली. ते पान आता उघडत नाही. गुगलमध्ये मात्र जुना मजकूर अजून दिसतो, त्यासाठी `Refresh Outdated Content` मध्ये विनंती टाकली आहे. तेवढं होईल.

खरी अडचण पुढे आहे. आडनावाच्या वेगळ्या स्पेलिंगने तिचं दुसरं पान सापडलं आणि त्यासाठी ते ओळखपत्र मागताहेत. जी माहिती काढायची, त्याहून जास्त त्यांच्या हाती द्यायची, हे मला अजिबात पटत नाही. फक्त शेवटचे 4 अंक दिसणारं मास्क्ड आधार पाठवून कुणाचं काम झालंय का? की प्रोफाइलवरच्याच ईमेलवरून लिहिलं तर पुरतं? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा हवाला द्यावा म्हटलं, तर आपण स्वतः जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे.

अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.